बेडरूमचा रंग: सहा लिटर आणले, 5.8 लागले

गेल्या वेळी हॉल रंगवताना शेवटच्या भिंतीला रंग कमी पडला. नंतर आणलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी निघाली आणि ती भिंत आजही उन्हात ओळखू येते. म्हणून या वेळी आधी टेप घेतला.

खोली 12 फूट 3 इंच बाय 10 फूट 6 इंच. सगळ्यात सोपी चूक इथेच होते: 12 फूट 3 इंच म्हणजे 12.3 नव्हे, 12.25. इंचांना आधी 12 ने भागायचं. चारही भिंतींची मिळून लांबी 45.5 फूट आली. उंची जमिनीपासून न मोजता स्कर्टिंगच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत मोजली, 9 फूट 3 इंच. 45.5 गुणिले 9.25, म्हणजे 421 चौरस फूट. छत पांढरंच ठेवायचं असल्याने ते यात नाही.

आता वजाबाकी. दार चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं, कारण चौकटीला ऑइल पेंट आहे. रुंदी 3.25 फूट. उंची 7 फूट 1 इंच असली तरी त्यातले खालचे 4 इंच स्कर्टिंगबरोबर आधीच गेलेत, म्हणून 6.75 धरली. हे 22 झाले. बाथरूमचं दार तसंच मोजून 18.6.

खिडकीपाशी थांबलो. 5 बाय 4, म्हणजे 20 चौरस फूट सरळ वजा करावेसे वाटतात. पण स्लायडिंग बाहेरच्या अंगाला बसवलेलं आहे आणि आतली 5 इंच जाडीची भिंत रंगवावीच लागते. दोन बाजू आणि वरची कड मिळून 13 फूट, म्हणजे 5.4 चौरस फूट रंगकाम. खाली ग्रॅनाइट आहे. त्यामुळे खिडकीचे 14.6 च वजा केले. एकूण वजावट 55, उरले 366.

डब्यावर लिटरला 120 ते 140 चौरस फूट लिहिलं होतं, एका हाताला. हे 'एका हाताला' नीट वाचा, काही डब्यांवर दोन हातांचा आकडा असतो. दोन हात म्हणजे 732 चौरस फूट. कपाट हलवलेल्या जागी नवी पुट्टी होती, म्हणून प्रायमर मारूनही खालचाच आकडा धरला: 732 भागिले 120, म्हणजे 6.1 लिटर. दारं-खिडक्या वजा केल्या नसत्या तर सात झाले असते. चार लिटरचा एक आणि एकेक लिटरचे दोन डबे एकाच वेळी टिंट करून घेतले आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळले.

पहिल्या हाताला 3.2 लिटर गेले, लिटरला साधारण 114 चौरस फूट. दुसऱ्याला 2.6, म्हणजे 141. हे मोजमाप पाणी घालण्याआधीच्या रंगाचं आहे; पाणी मिसळलेली बादली मोजली तर हिशोब फसतो. उरलेला पाव लिटरहून थोडा कमी रंग टचअपसाठी घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवलाय.