कोचीची परिषद संपल्यावर शनिवार-रविवार: काय करावं, काय टाळावं

कोचीत परिषद असली की मुक्काम बहुतेक वेळा बोलगाट्टी बेटावर किंवा एर्नाकुलम शहरात असतो. तीन दिवस वातानुकूलित सभागृह, संध्याकाळी तिथल्याच हिरवळीवर जेवण, आणि शुक्रवारी रात्रीचं परतीचं विमान. समोर पाणी पसरलेलं दिसतं, पण कोची राहून जाते. त्यावर पुढचे दोन दिवस जोडणं हाच उपाय आहे. मात्र ते त्याच हॉटेलात काढले तर परिषदेचा चौथा आणि पाचवा दिवस होतो. नाश्त्याला तेच चेहरे दिसतात आणि लॉबीत कोणीतरी ‘पाच मिनिटं बोलू’ म्हणून गाठतं. शुक्रवारी संध्याकाळीच सामान उचलून पाण्यापलीकडे फोर्ट कोचीला जायचं. या सगळ्या बेतात महत्त्वाचं काही असेल तर हेच.

आधी ऑफिसचा भाग, कारण तो निघण्यापूर्वीच उरकावा लागतो. जाण्यायेण्याचं एकत्र तिकीट न काढता दोन वेगळी एकेरी तिकिटं काढायला ट्रॅव्हल डेस्कला सांगावं. परतीची तारीख बदलली तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक, असं दुहेरी ओझं पडतं. सुरुवातीलाच सोमवारचं तिकीट घेतलं तर प्रश्नच येत नाही. त्याच दिवशी शुक्रवार रात्रीच्या विमानाचं भाडं किती दिसत होतं त्याचा स्क्रीनशॉट मंजुरीच्या मेलला जोडावा. सोमवारचं भाडं कमी असेल तर कोणी काही विचारत नाही, जास्त असेल तर फरक आपण भरतो हे लेखी राहतं. हॉटेलची बिलं दोन हवीत. परिषदेच्या रात्रींचं कंपनीच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह. पुढच्या रात्रींचं आपल्या नावावर, तो क्रमांक न देता. हॉटेल बदललं की हे आपोआप होतं, हाही एक फायदा. कंपनीने वाढीव दिवसांचा खर्च उचलायची तयारी दाखवली, तर आयकराच्या दृष्टीने तेवढा भाग तुम्हाला मिळालेला करपात्र लाभ धरला जाऊ शकतो. तेव्हा खर्च वेगळे ठेवणं दोघांच्याही सोयीचं. कंपनीचा प्रवास विमा कामाच्या तारखांपुरताच आहे का, तेही विचारून घ्यावं.

आता शुक्रवार. समारोपाचं सत्र दुपारी असलं तरी हॉटेलची खोली बहुधा बारालाच सोडावी लागते. म्हणून सकाळच्या चहापूर्वीच खोली सोडून बॅगा बेल डेस्कवर ठेवाव्यात. बोलगाट्टीहून फोर्ट कोचीला टॅक्सी बोलावली की अ‍ॅप शहरातून, वेंडुरुत्ती पूल आणि तोप्पुंपडी असा लांबचा रस्ता दाखवतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यावर तास सहज मोडतो. त्याऐवजी टॅक्सीने गोश्री पुलांवरून थेट वायपिनच्या जेट्टीला जावं, टॅक्सी तिथेच सोडावी आणि गाड्या आणि माणसं दोन्ही नेणाऱ्या रो-रो बोटीत पायी चढावं. पलीकडे जायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. रांग असते ती गाड्यांची; पायी माणसाला सहसा पुढच्याच फेरीत जागा मिळते. कधी कधी दोनपैकी एकच रो-रो चालू असते, मग थोडं थांबावं लागतं. उतरल्यावर समोरच रिक्षा असतात. चाकांची मोठी बॅग असेल तर चढ-उताराच्या लोखंडी फळीवर ती उचलावी लागेल, एवढं लक्षात असू द्या.

वॉटर मेट्रोचंही आकर्षण असतं आणि हायकोर्ट ते फोर्ट कोची हा तिचा मार्ग सुरेखच आहे. वीस मिनिटांत एसी बोट बंदराच्या मधून नेते. पण सामान घेऊन तिच्या नादी लागू नये, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी तर नाहीच. बोटीत मोजकीच माणसं घेतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग बरीच लांबते. सरकारी जलवाहतूक विभागाची साधी बोट एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सुटते. तीही साधारण तेवढाच वेळ घेते आणि तिकीट वॉटर मेट्रोच्या मानाने किरकोळ आहे.

दोन दिवसांत कुठे कधी जायचं हे आवडीवर नाही, वारावर ठरतं. मट्टनचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. ज्यू टाउनमधलं परदेशी सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस बंद, शिवाय ज्यूंच्या सणांनाही. म्हणून परिषद शुक्रवारी संपत असेल तर शनिवार अलप्पुळाच्या बॅकवॉटरला आणि रविवार मट्टनचेरीला. उलटं केलं की सिनेगॉगचं दार बंद आणि रविवारी बोटीच्या धक्क्यावर सगळ्या जिल्ह्याची गर्दी, असं दोन्हीकडून हुकतं. परिषद गुरुवारी संपून हाती शुक्रवार-शनिवार आला, तर शुक्रवारी सकाळी सिनेगॉग, पॅलेस सोडून द्यायचा आणि शनिवार पाण्यावर काढायचा.

शनिवारी अलप्पुळाला रस्त्याने जायचा मोह आवरावा. अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, पण अरूर ते तुरवूर या पट्ट्यात उन्नत महामार्गाचं काम सुरू असेपर्यंत गाडी कुठे अडकेल ते सांगता येत नाही. सकाळची पहिली बोट पकडून एर्नाकुलमला यावं, तिथून रिक्षाने एर्नाकुलम जंक्शन गाठावं आणि रेल्वेने तासा-सव्वा तासात पोचावं. शहरात मोठी स्टेशनं दोन आहेत. स्थानिक लोक त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात. जंक्शन म्हणजे साउथ, टाउन म्हणजे नॉर्थ. अलप्पुळाचा फाटा साउथवरून निघतो; रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ सांगितलं तर गाडी चुकू शकते. हा मार्ग बराचसा एकेरी असल्याने क्रॉसिंगसाठी गाडी मध्येच थांबते. म्हणून परतताना पुढे वेळेचं काही बांधून ठेवू नये.

अलप्पुळाला उतरल्यावर हाउसबोटीचे दलाल गाठतातच. एका दिवसासाठी हाउसबोट घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती दुपारी बाराच्या सुमारास निघते, जेवणासाठी थांबते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला लागते, कारण त्यानंतर मासेमारीची जाळी पडतात आणि तिला फिरता येत नाही. मोठी असल्यामुळे ती रुंद पाण्यातच राहते. अरुंद कालवे, ज्यांच्यासाठी इथवर यायचं, ते लांबूनच दिसतात. त्याऐवजी छपराची छोटी शिकारा बोट घ्यावी, आणि निदान तीन तासांसाठी. पहिला बराच वेळ पुन्नमड तलावाच्या गर्दीतून, दुतर्फा उभ्या हाउसबोटींमधून बाहेर पडण्यात जातो. तासाभराची फेरी घेणाऱ्याच्या वाट्याला तेवढंच येतं. ठरवतानाच सांगावं: कैनकरी गावच्या कालव्यांत जायचंय, आणि शक्य असेल तर तिथे वल्ह्याच्या होडीत बसायचंय. भाव तासाचा की पूर्ण फेरीचा हे आधी पक्कं करावं.

कैनकरीत होडी शिरली की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. होडीतून बांधापलीकडची भातखाचरं पाहायला मान खाली करावी लागते. कालव्याचं पाणी वर आणि शेत खाली. इथल्या कुट्टनाड भागातली ही शेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालून, पंपाने पाणी उपसून ती कोरडी ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने, ‘एफएओ’ने, 2013 मध्ये तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, त्यावर कोणी भांडी घासत असतं, कोणी मासे साफ करत असतं. कॅमेरा जरा बेताने वापरावा, ते लोकांचं मागचं अंगण आहे. जलपर्णी दाटली असेल तर काही कालवे बंद असतात. तेव्हा नावाडी दुसरीकडून नेतो, त्यात फसवणूक नसते. ज्यांना तीन तासांचं भाडं जड वाटतं, त्यांनी अलप्पुळाच्या सरकारी जेट्टीवरून नेडुमुडीकडे जाणारी प्रवासी बोट घ्यावी. त्याच पाण्यातून, शाळकरी मुलं आणि बाजारहाट करणाऱ्या बायकांबरोबर, अगदी थोड्या पैशात जाता येतं. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर नेहरू ट्रॉफी होड्यांच्या शर्यतीची तारीख आधी पाहून घ्या. त्या शनिवारी पुन्नमडकडे साधी फेरी मिळणं अवघड असतं.

जेवायला केळीच्या पानात भाजलेला करीमीन हा मासा, किंवा लाल रश्शातली मासळी आणि उकडलेला कंद, कप्पा. त्या रश्शाला आंबटपणा येतो तो कुडमपुळीचा. ते फळ आपल्या आमसुलाच्याच कुळातलं, पण धुरावर वाळवलेलं, त्यामुळे चव ओळखीची आणि तरी निराळी लागते.

रविवारी सकाळी साडेसहाला फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांपाशी गेलं तर गर्दी नसते. मोठ्या लाकडी तुळईच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांनी बांधलेले दगड. त्या वजनाच्या तोलावर चार-पाच जण जाळं वर आणतात. दोर ओढायला बोलावलं तर नंतर पैसे मागतात, ते धरूनच हात लावावा. सेंट फ्रान्सिस चर्च जवळच आहे. वास्को द गामाला 1524 मध्ये तिथे पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. रविवारी सकाळी तिथे उपासना असते, म्हणून आत जायचं तर ती संपल्यावर.

मग रिक्षाने ज्यू टाउन. बाजार रोडवरून चालत जाण्यात एरवी मजा आहे, पण रविवारी मसाल्याची गोदामं बहुतेक बंद असतात आणि उन्हात नुसती कुलपं बघावी लागतात. रिक्षा ठरवताना दुकानात थांबायचं नाही असं सांगून टाकावं, नाहीतर कमिशनच्या दुकानांतून फेरी होते. सिनेगॉग दहाला उघडतं, एकला बंद होतं आणि तीनला पुन्हा उघडतं. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. चपला-बूट बाहेर काढायचे. 1568 च्या या वास्तूच्या फरशीवर हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी लाद्या आहेत, त्या खाली वाकूनच पाहायच्या. तिथून डच पॅलेस चालत काही मिनिटांवर. नाव डच असलं तरी तो पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी पुढे डागडुजी केली. राजाच्या शयनगृहातली रामायणाची भित्तिचित्रं हे इथलं खरं काम. फोटोला मनाई आहे आणि उजेड मंद असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत दोन-चार मिनिटं उभं राहावं.

मट्टनचेरीतच चेरलाई भागात तिरुमल देवस्वमचं व्यंकटेशाचं देऊळ आहे. सोळाव्या शतकात गोव्यातून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. आसपासच्या घरांतून कोंकणी ऐकू येते. देऊळ दुपारी बंद असतं, आणि पुरुषांना शर्ट काढावा लागू शकतो.

रविवार संध्याकाळ फोर्ट कोचीतच काढावी, पण पाण्यावर नाही. अख्खं एर्नाकुलम तेव्हा किनाऱ्यावर असतं आणि परतीच्या बोटींना रांगा लागतात. म्हणूनच रविवार रात्रीचं विमान नको. त्यासाठी दुपारीच निघावं लागतं आणि दुसरा दिवस अर्धाच उरतो. नेडुंबसेरीचं विमानतळ इथून चाळीसेक किलोमीटर, दिवसा दीड ते दोन तास. पहाटे चारला टॅक्सी निघाली तर रस्ता मोकळा मिळतो आणि सातच्या सुमाराचं मुंबईचं विमान आरामात गाठता येतं. टॅक्सी आदल्या रात्री हॉटेलकडूनच सांगून ठेवावी. फोर्ट कोचीत पहाटे अ‍ॅपवर गाडी मिळेलच असं नाही. लॅपटॉप आणि कंपनीच्या बिलांचं पाकीट हातातल्या बॅगेत ठेवा, म्हणजे विमानतळावरून थेट ऑफिसला जाता येतं.