अर्जातला तिसरा परिच्छेद

अर्ज खरे तर कालच पाठवायचा होता. जाहिरात विश्लेषकाच्या त्या जागेसाठी सोबतच्या पत्रात ‘आधी केलेले अहवाल आणि त्यांच्यामुळे बदललेले निर्णय’ लिहा, असे स्पष्ट म्हटले आहे. मी तिसऱ्या परिच्छेदात उशा-चादरीवाल्यांचे काम लिहिले आणि मेघनाला वाचायला पाठवले. तिचे उत्तर एका ओळीचे होते : “छान आहे, पण बजेट तर ते तसेही कापणारच होते ना गं?” तिने ते सहज लिहिले असणार. तेव्हापासून मात्र त्या परिच्छेदातल्या ‘माझ्या अहवालामुळे खर्च कमी झाला’ या वाक्यावरून माझी नजर हलत नाही.

काम काय होते ते आधी स्वतःसाठीच नीट मांडते; आकड्यांची पट्टी मुद्दाम बदलते, कारण ग्राहकाचे खरे आकडे अर्जात जाणार नाहीत तर इथेही नकोत. गूगलवर त्यांच्या ब्रँडच्या नावाने शोध घेतला की वर त्यांचीच जाहिरात दिसे आणि तिच्या लगेच खाली त्यांचीच फुकटची लिंक. जाहिरातीवर क्लिक झाले की पुढची ऑर्डर त्या मोहिमेच्या खात्यावर जमा होई. प्रत्येक सोमवारच्या अहवालात ही मोहीम सर्वांत स्वस्त दिसे : एका ऑर्डरीमागे ₹200 खर्च, आणि ऑर्डरीमागे हातात राहणारे सुमारे ₹300. सगळे खूश होते. मला मात्र तो आकडा कधीच पचला नाही. मामलेदारच्या मिसळीसाठी आधीच रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मामलेदारच्याच मिसळीचे पत्रक द्यायचे आणि तो आत शिरला की पत्रकाला श्रेय द्यायचे, असा तो हिशेब होता.

हा संशय काही माझा शोध नव्हे. ईबेने 2012 मध्ये स्वतःच्या नावाच्या शोधांवरच्या जाहिराती याहू आणि एमएसएनवर बंद करून पाहिल्या, तेव्हा त्या जाहिरातींवरून येणारी जवळजवळ सगळी, म्हणजे 99.5 टक्के, वर्दळ फुकटच्या लिंकवरून तशीच येत राहिली होती. पण ईबे इतके प्रसिद्ध नाव आणि आमचे उशा-चादरीवाले यांच्यात अंतर आहे, म्हणून आपल्याकडेच करून पाहणे भाग होते.

पहिली अडचण आमच्या गावाचीच आली. मला ठाण्यात जाहिरात बंद ठेवून मुंबईत चालू ठेवायची होती, कारण दोन्हीकडचे गिऱ्हाईक सारखे. पण ऐरोलीत माझ्या घरी बसून मोबाइल डेटावर काही शोधले, तर माझे ठिकाण कधी नवी मुंबई दिसते, कधी मुंबई. नेटवर्कच्या पत्त्यावरून गावाचा अंदाज बांधला जातो आणि या पट्ट्यात तो फार चुकतो. शिवाय अर्धे ठाणे दिवसभर मुंबईतच असते. त्यामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई तिन्ही चाचणीबाहेर ठेवली. नाशिक, कोल्हापूर आणि सोलापूर येथे नावाची जाहिरात बंद. नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर येथे पूर्वीसारखीच चालू. गणपती आणि दिवाळी टाळून पावसाळ्याचे चार आठवडे निवडले. ऑर्डरी गूगलच्या अंदाजाने न मोजता डिलिव्हरीच्या पिनकोडवरून मोजल्या, म्हणजे 422 ने सुरू होणारा पिनकोड नाशिकच्या हिशेबात. जाहिरात दिसण्यात गावाची थोडी सरमिसळ झाली, तरी माल कुठे पोहोचला यात ती होत नाही.

आधीच्या चार आठवड्यांत बंदच्या शहरांत 1,000 ऑर्डरी होत्या आणि चालूच्या शहरांत 1,250; म्हणजे गुणोत्तर 0.80, आणि आठवड्यागणिक ते 0.78 ते 0.82 या पट्ट्यात फिरत असे. चाचणीच्या चार आठवड्यांत चालूच्या शहरांत 1,300 ऑर्डरी आल्या. त्या हिशेबाने बंदच्या शहरांत 1,040 यायला हव्या होत्या; आल्या 1,018. म्हणजे नुकसान 22 ऑर्डरींचे. ही मोहीम त्याच शहरांतल्या 310 ऑर्डरींचे श्रेय आधी घेत होती आणि त्यासाठी ₹62,000 खर्च होत होते. ते 22 ऑर्डरींनी भागले, तर एका खऱ्याखुऱ्या जास्तीच्या ऑर्डरीची किंमत ₹2,800 च्या वर जाते.

इथे मी स्वतःलाच अडवले होते, कारण 22 हा आकडा नेहमीच्या चढउतारात सहज बुडतो. गुणोत्तर 0.82 धरले तर नुकसान 48 ऑर्डरींचे, 0.78 धरले तर नुकसानच नाही. म्हणून अहवालात 22 वर जोर दिला नाही. सर्वांत वाईट बाजू धरली, तरी एक ऑर्डर सुमारे ₹1,300 ला पडते आणि हातात राहतात ₹300, एवढेच लिहिले. निर्णय घ्यायला नेमका आकडा लागत नव्हता. पट्ट्याची दोन्ही टोके एकाच बाजूला पडत होती. या कामातले मला सर्वांत आवडलेले हेच आहे, आणि पत्रात मात्र मी ते गाळून ‘खर्च कमी झाला’ असे लिहून बसले.

मेघनाचे म्हणणे खरेच आहे. हिशेब विभागाने जाहिरातखर्च दहा टक्क्यांनी कमी करायला आधीच सांगितले होते. माझा अहवाल आला नसता तरी खर्च कमी झालाच असता. मग मी काय केले? बैठकीत तो तक्ता सरांनी दाखवला, पहिल्या पानावरचे माझे नाव कुठेतरी गळाले, आणि मी कोपऱ्यात बसून कोणी आकडा विचारलाच तर सांगायचे काम करत होते. इतकी वर्षे मला त्या मजल्यावर ‘रिपोर्टवाली’ म्हणूनच ओळखतात. कापणारे वेगळे, कापा म्हणणारे वेगळे, आणि रिपोर्टवाली त्यावर रविवारी रात्री जागून तक्ता करते. मग नव्या ठिकाणच्या साहेबांना मी कोणत्या तोंडाने सांगू की निर्णय मी बदलला? आईला हे सगळे सांगितले असते तर ती म्हणाली असती... जाऊ दे.

रात्री जेवणानंतर मात्र हसू आले. ज्या मोहिमेची मी चार आठवडे उलटतपासणी केली, तिचा गुन्हा नेमका हाच होता : जे तसेही घडणारच होते त्याचे श्रेय घेणे. आणि माझ्या तिसऱ्या परिच्छेदात मी ऑर्डरीच्या जागी निर्णय ठेवून तेच करत होते. मोहिमेला लावलेला प्रश्न मग स्वतःला लावावा लागला : अहवाल नसता तर काय झाले असते? माझ्यासाठी कोल्हापूर आणि नागपूर नाहीत, अहवाल न आलेली दुसरी कंपनी शेजारी उभी नाही. पण एक गोष्ट आहे. अहवालाच्या आधीच्या आठवड्यातला खर्चाचा आराखडा सगळ्यांना ईमेलने आला होता. त्यात प्रत्येक मोहीम सरसकट दहा टक्क्यांनी कमी करायची होती. नावाची जाहिरात दहा टक्के, आणि ‘सुती चादर’, ‘मानदुखीसाठी उशी’ असे शोधणाऱ्या, ब्रँडचे नाव माहीत नसलेल्या लोकांसाठीची जाहिरातही दहा टक्के. अहवालानंतरच्या आराखड्यात एकूण कपात तीच राहिली, पण ती जवळजवळ सगळी नावाच्या जाहिरातीतून झाली आणि नव्या गिऱ्हाइकांच्या जाहिरातींना हात लागला नाही.

म्हणजे कपात किती करायची हा निर्णय माझा नव्हता. ती कुठे करायची, हे अहवालाने बदलले. दोन आराखड्यांतला फरक, तेवढाच माझ्या खात्यावर. तो ‘खर्च कमी झाला’ यापेक्षा छोटा आहे, पण मुलाखतीत कोणी खणायला लागले तरी टिकेल असा आहे. नाही म्हटले तरी थोडे वाईट वाटलेच. मोठे वाक्य फार देखणे होते.

दुसरा प्रकल्प, गूगल आणि मेटा एकाच ऑर्डरीवर दोघेही हक्क सांगत असल्याने दोघांची बेरीज प्रत्यक्ष विक्रीपेक्षा जास्त भरत होती तो, पत्रात दोन ओळींत राहील. त्याने बदललेला निर्णय एवढाच की बैठकीतला पहिला आकडा जाहिरात कंपन्यांच्या पडद्यावरून न घेता ऑर्डरवहीतून घ्यायचा. तिसरा, म्हणजे तो चौदा पानी मासिक अहवाल, काढून टाकला आहे. एका महिन्यात मी तो पाठवलाच नाही आणि कोणी विचारलेही नाही. चाचणी म्हणून निकाल अगदी स्वच्छ होता, पण अर्जात घालण्यासारखा नव्हे.

तिसरा परिच्छेद आता असा आहे :

‘कंपनीने जाहिरातखर्च दहा टक्क्यांनी कमी करायचे ठरवले होते आणि मूळ आराखड्यात ही कपात सर्व मोहिमांवर सारखी होती. मी तीन शहरांत ब्रँडच्या नावाची जाहिरात चार आठवडे बंद ठेवून इतर तीन शहरांशी तुलना केली. मोहिमेच्या नावावर जमा होणाऱ्या ऑर्डरींपैकी बहुतांश ऑर्डरी जाहिरातीविनाही आल्या. नेमके नुकसान किती, हे या चाचणीतून सांगता येत नव्हते. मात्र सर्वांत मोठे संभाव्य नुकसान धरूनही जाहिरात तोट्याची ठरत होती. त्यानंतर कपात मुख्यतः याच मोहिमेतून झाली आणि नवे ग्राहक आणणाऱ्या मोहिमांचा खर्च कायम राहिला. चाचणीच्या काळात कोणताही प्रतिस्पर्धी या नावावर बोली लावत नव्हता. तसे कोणी सुरू केल्यास निष्कर्ष बदलू शकतो, म्हणून या नावावर कोण बोली लावते याचा अहवाल दर आठवड्याला पाहण्याची सूचना मी केली होती. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या चाचणीत नव्हती.’

शेवटचे वाक्य काढावे असे मेघनाला वाटते, कारण नवे कार्यालय मुंबईतच आहे आणि त्यांचा बराचसा खर्चही इथलाच असणार. मी ते ठेवले आहे. मुलाखतीला बोलावलेच, तर पहिला प्रश्न त्यावरच यावा अशी माझी इच्छा आहे, कारण गावांच्या सीमा पुसट असताना इथे चाचणी कशी करायची याबद्दल माझ्याकडे एक अर्धवट कल्पना आहे : ठिकाणाऐवजी दिवस वाटून घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या दिवशी जाहिरात चालू आणि उरलेल्या दिवशी बंद. आज शोधणारा माणूस परवा खरेदी करतो तेव्हा हिशेब गढूळ होतो, हे तिचे दुखणे आहे. उशीच्या बाबतीत कदाचित चालेल. गादी घेणारा मात्र आठवडाभर विचार करत बसतो.