ऑडिटर गेला, पण कसा गेला?

मे २०२२ मध्ये सीए इंटरमीडिएटच्या ऑडिटच्या पेपरात मला ३६ गुण पडले. पास व्हायला ४० लागतात. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तेव्हा कळलं की ऑडिटरच्या नेमणुकीवरच्या एका प्रश्नात मला जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं. कलमांचे आकडे सगळे बरोबर होते, ते मी राजापूर ते रत्नागिरी एसटीत बसून तोंडपाठ केले होते. चूक होती ती वेगळीच, आणि ती मला पुस्तकाने दाखवली नाही. रत्नागिरीत मी एका सीए सरांकडे आर्टिकलशिपची उमेदवारी करत होते, त्या ऑफिसातल्या एका फाइलने दाखवली.

फाइल होती आंब्याचा पल्प डब्यांत भरणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची. आधीच्या ऑडिटरची नेमणूक २०१९ च्या वार्षिक सभेत पाच वर्षांसाठी, म्हणजे २०२४ ची वार्षिक सभा संपेपर्यंत झाली होती. मार्चअखेर न विकलेल्या डब्यांची किंमत किती धरायची यावरून त्यांचं आणि संचालकांचं बिनसलं. एक संचालक आमच्या सरांकडे आले आणि म्हणाले, "बोर्डात ठराव करतो, त्यांना काढलं, तुम्हाला नेमलं. उद्यापासून तुम्ही या."

सर म्हणाले, "तुम्हाला नेमायचा अधिकार आहे, काढायचा नाही."

परीक्षेत हाच प्रश्न येतो, फक्त कंपनीचं नाव बदलतं. मुदत संपण्याआधी ऑडिटर काढायचा तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १४०(१) लागतं. बोर्डाने ठराव करायचा, त्यानंतर ३० दिवसांत ADT-2 हा फॉर्म भरून केंद्र सरकारची परवानगी मागायची. हे काम प्रत्यक्षात रिजनल डायरेक्टर पाहतात. परवानगी मिळाली की ६० दिवसांत सभासदांची सभा घेऊन विशेष ठराव करायचा, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. शिवाय ऑडिटरला आपली बाजू मांडायची संधी द्यायची. वाट इतकी लांब ठेवली आहे ती मुद्दाम. डब्यांची किंमत कमी धरा असं सांगणारा ऑडिटर दुसऱ्या दिवशी घरी पाठवता आला, तर ऑडिट कोणासाठी करायचं?

शेवटी आधीच्या ऑडिटरांनी १० जून २०२२ ला स्वतःच राजीनामा दिला. इथे सगळा हिशेब बदलला, कारण आता ही कॅज्युअल व्हेकन्सी, म्हणजे मुदतीच्या मध्येच रिकामी झालेली जागा, झाली आणि कलम १३९(८) लागू झालं. राजीनामा देणाऱ्याने ३० दिवसांत, म्हणजे १० जुलैपर्यंत, कारणं लिहून ADT-3 भरायचा. बोर्डानेही त्याच ३० दिवसांत जागा भरायची. बोर्डाची बैठक २४ जूनला झाली. दरम्यान सरांनी आधीच्या ऑडिटरांना रजिस्टर पत्र पाठवून विचारलं, की नेमणूक स्वीकारायला तुमची काही हरकत आहे का. पोचपावती भिजून आली होती, पाऊस धो धो होता. सरांनी ती दोन कागदांमध्ये वाळवून फाइलला लावली. हे पत्र न पाठवता काम घेणं हे सीएसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, आणि पत्र पोचल्याचा पुरावा आपल्याकडेच असावा लागतो.

सभासदांच्या ठरावाचा मसुदा सरांनी मला करायला दिला. मी लिहिलं: "आधीच्या ऑडिटरच्या उर्वरित मुदतीसाठी, म्हणजे २०२४ च्या वार्षिक सभेपर्यंत." सरांनी ती ओळ लाल पेनने खोडली.

"अगं, उर्वरित मुदत कुठे लिहिलीय कायद्यात? दाखव मला."

मी शोधलं. नव्हतीच. कॅज्युअल व्हेकन्सीत आलेला ऑडिटर पुढची वार्षिक सभा संपेपर्यंतच असतो, आधीच्या माणसाची किती वर्षं उरली होती याचा त्याच्याशी संबंध नाही. परीक्षेत नेमकं हेच मी लिहिलं होतं: नेमणूक ३० दिवसांत झाली, बोर्डाला अधिकार आहे, म्हणून उरलेल्या काळासाठी वैध.

माझी दुसरी चूकही त्याच दिवशी समोर आली. जागा राजीनाम्याने रिकामी झाली असेल तर बोर्डाचा ठराव पुरत नाही. बोर्डाने शिफारस केल्यापासून तीन महिन्यांत सभासदांची मंजुरी लागते. ऑडिटरचा मृत्यू झाला असता तर बोर्ड एकट्याने जागा भरू शकलं असतं. शिफारस २४ जूनची, म्हणजे २४ सप्टेंबरच्या आत सभा हवी. कंपनीची वार्षिक सभा २८ सप्टेंबरला ठरली होती. चार दिवसांनी हुकत होतं. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं. मग ५ ऑगस्टला विशेष सर्वसाधारण सभा घेतली, तिथे मंजुरी झाली, आणि सरांनी २०२१-२२ चं ऑडिट पूर्ण करून सही केली.

आता २८ सप्टेंबरच्या सभेत काय? ती संपताच सरांची मुदतही संपते. म्हणून त्याच सभेत त्यांना पुन्हा, या वेळी पाच वर्षांसाठी, २०२७ ची वार्षिक सभा संपेपर्यंत नेमलं, आणि १५ दिवसांत, १३ ऑक्टोबरच्या आत, ADT-1 भरला. ५ ऑगस्टचा ठराव आणि हा ठराव वेगवेगळे आहेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

फीबद्दलही तिथेच शिकले. संचालकांना वाटत होतं फी बोर्डच ठरवतं. बोर्ड स्वतःहून ठरवू शकतं ती फक्त कंपनीच्या पहिल्या ऑडिटरची. इतरांची फी सभासद सभेत ठरवतात, किंवा कशी ठरवायची ते सभेत ठरवतात. बहुतेक कंपन्या बोर्डाला अधिकार देणारा ठराव करतात तो याच तरतुदीखाली. कारखान्यावर जायचा-यायचा खर्च या मोबदल्यात धरतात, जीएसटीचं रिटर्न भरून दिल्याची फी धरत नाहीत.

रोटेशनच्या, म्हणजे ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलण्याच्या, प्रश्नांना मी या फाइलीनंतर घाबरले नाही, कारण तिथेही आधी कंपनी नीट वाचायची असते. भरणा झालेलं भांडवल १२ कोटी असेल आणि कंपनी पब्लिक असेल तर रोटेशन लागतं, कारण तिथे मर्यादा १० कोटींची आहे. तीच प्रायव्हेट असेल तर मर्यादा ५० कोटी, म्हणून लागत नाही. पण त्याच प्रायव्हेट कंपनीवर बँकेचं ६० कोटींचं कर्ज असेल तर पुन्हा लागतं. प्रश्नातला एक शब्द किंवा एक ओळ उत्तर उलटवते.

नोव्हेंबरच्या पेपरात तसाच प्रश्न आला. ऑडिटरने राजीनामा दिला, बोर्डाने वीस दिवसांत नवा नेमला, नेमणूक वैध आहे का? उत्तराची पहिली ओळ मी लिहिली: "जागा राजीनाम्यामुळे रिकामी झाली आहे." मग तारखा एकाखाली एक मांडल्या, तीन महिन्यांची मंजुरी लिहिली आणि शेवटी, पुढची वार्षिक सभा संपेपर्यंत.