आमची वाटचाल : नाव आधी, गोष्ट नंतर

सांगलीत आम्ही सुरुवात केली ती थिएटरात मध्यंतराला लागणाऱ्या जाहिरातींपासून. तिथला प्रेक्षक खुर्चीत बसलेला, त्यामुळे आधी गोष्ट रंगवायची आणि शेवटी दुकानाचं नाव घ्यायचं, ही रीतच होती. यूट्यूबवर मात्र पाच सेकंद झाले की स्किपचं बटण येतं, आणि आमच्या स्क्रिप्टची घडीच बदलावी लागली.

कांदा-लसूण मसाल्याच्या एका घरगुती कारखान्याचं काम घ्या. मालकांना वीस सेकंदांची जाहिरात हवी होती: नदीवरची सकाळ, आजी, पाटा-वरवंटा आणि सर्वांत शेवटी पाकीट. आम्ही यातलं काही टाकून दिलं नाही, क्रम तेवढा फिरवला. आता पहिलं दृश्य कढईचं. तापल्या तेलात मसाला पडतो, चर्र आवाज होतो. हा आवाज नावाच्या आधी लागतोच. प्रेक्षक आपल्या व्हिडिओची वाट बघत असतो. त्याचे कान आपल्याकडे वळायच्या आत नाव घेतलं, तर ते वाया जातं. दुसऱ्या सेकंदाला पाकीट समोर आणि आवाज: “अमुक मसाला! चमचाभर टाका, तर्री बघा.” पाच सेकंदांत दहा-बारा शब्द कोंबता येतात, पण आम्ही सात-आठांवर थांबतो, नाहीतर नाव घाईत गिळलं जातं. पाकीट चौकटीच्या मधोमध किंवा वर डावीकडे ठेवतो, कारण खाली उजवीकडे बटण येतं.

मालकांची शंका रास्त होती: “सगळं आधीच सांगितलं, तर पुढं कोण बघणार ओ?” त्यांना आम्ही गायको या अमेरिकी विमा कंपनीची २०१५ची जाहिरात दाखवली. जेवणाच्या टेबलावरचं कुटुंब सुरुवातीलाच कंपनीचा निरोप सांगून मोकळं होतं, जाहिरात संपली असं जाहीर होतं, सगळे जागच्या जागी थिजतात आणि कुत्रा टेबलावर चढून ताटं साफ करतो. निरोप आधीच पोचलेला असतो, तरी माणूस थांबतो.

पैशाचा हिशेबही सांगितला. व्ह्यूमागे पैसे मोजायचे ठरवले, तर तीस सेकंदांपेक्षा छोटी जाहिरात पूर्ण बघितली गेली किंवा तिच्यावर क्लिक झालं, तरच पैसे कापले जातात. सहाव्या सेकंदाला स्किप करणारा आपलं नाव फुकटात ऐकून जातो.

वीस सेकंदांच्या जाहिरातीत एक सोय आहे. गूगल ॲड्समध्ये २५ टक्के, ५० टक्के असे टप्पे दिसतात, आणि वीसचे २५ टक्के म्हणजे नेमकी पाच सेकंदं. तिथून ५० टक्क्यांपर्यंत किती जण गळले, यावरून गोष्ट धरून ठेवते का ते कळतं. नाव लक्षात राहिलं का, हे मात्र त्या आकड्यात नसतं. त्यासाठी आम्ही पहिली पाच सेकंदं ऑफिसबाहेरच्या माणसाला एकदा आवाज बंद करून दाखवतो, दुसऱ्या कुणाला नुसती ऐकवतो आणि विचारतो, कुणाची जाहिरात होती? दोघांनाही नाव सांगता आलं, तरच पुढचं शूटिंग ठरतं.