सूर्य लाकडाचा असता तर

आकाशदर्शनाची शिबिरं मी गेली बारा वर्षं घेते आहे. शाळकरी मुलांना तारे समजावताना शेकोटीचा दाखला द्यायची मला सवय होती. तारा पेटतो, जळतो, इंधन संपलं की विझतो, असं सांगितलं की मुलं माना डोलावतात आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या रात्री सातवीतल्या एका मुलीने मला पुढे वळू दिलं नाही.

थंडीचे दिवस होते. साडेआठनंतर आभाळ भरून आलं, दुर्बिणीवर झाकण घालावं लागलं आणि सगळे शेकोटीभोवती बसले. मैदानात शेकोट्या दोन होत्या. पलीकडच्या मोठ्या मुलांनी त्यांच्या वाटणीची सगळी लाकडं एकदम रचून पेटवली होती, ज्वाळा माणसाहून उंच गेल्या होत्या. आमची शेकोटी बेताची होती, कारण लाकडं रात्रभर पुरवायची होती.

मी नेहमीचं सुरू केलं. ती मुलगी म्हणाली, "ताई, पण जळायला हवा लागते ना? अंतराळात हवा कुठेय?"

हा प्रश्न मला नवा नव्हता, आणि त्याचं उत्तर "ते जळणं वेगळं असतं" एवढ्यावर मी आजवर भागवत आले होते. या खेपेला वेळ हाताशी होता. मी म्हटलं, "आपण धरून चालू की हवा फुकट मिळतेय, हवी तेवढी. सूर्य सगळाच्या सगळा लाकडाचा आहे. किती दिवस पुरेल, काढू या?"

तिने वही काढली. एक किलो कोरडं लाकूड जळलं की साधारण 1 कोटी 60 लाख ज्यूल उष्णता मिळते. सूर्य दर सेकंदाला 38 वर 25 शून्यं एवढे ज्यूल बाहेर टाकतो. म्हणजे त्याला दर सेकंदाला 24 वर 18 शून्यं एवढे किलो लाकूड लागेल. आणि त्याचं सगळं वजन 2 वर 30 शून्यं किलो. शून्यं खोडत खोडत तिने भागाकार केला. उत्तर आलं सुमारे 8,300 कोटी सेकंद. वर्षाचे सव्वातीन कोटींहून थोडे कमी सेकंद धरले, तर जेमतेम 2,600 वर्षं.

"एवढीच?" तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा गणित करून पाहिलं. इतिहासाच्या पुस्तकातली कितीतरी राज्यं याहून जुनी आहेत, आणि सूर्याचं वय तर 460 कोटी वर्षं आहे. म्हणजे सूर्यात लाकूड, कोळसा, तेल असं जळणारं काहीच असू शकत नाही. हे तिला मी सांगावं लागलं नाही, तिचं तिनेच म्हटलं.

मग मी खरं इंधन सांगितलं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतात आणि त्यांचं हेलियम होतं. एक किलो हायड्रोजन घेतला तर शेवटी 993 ग्रॅम हेलियम उरतं. मधले 7 ग्रॅम कुठे गेले? त्यांचीच ऊर्जा झाली. ही ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या लाकडाच्या सुमारे चार कोटी पट असते. तिने 2,600 ला चार कोटींनी गुणलं आणि आकडा मोठ्याने वाचला, "दहा हजार चारशे कोटी वर्षं!"

"त्यातली फक्त एक दशांश धर," मी म्हटलं.

"का?"

उत्तर समोरच होतं. आमच्या शेकोटीतली लाकडं मधोमध जळून गेली होती आणि त्यांची टोकं बाहेर तशीच होती, सालीसकट, न पेटलेली. आमच्यातला एक मुलगा काठीने ती टोकं आत सरकवत होता. सूर्याला असा काठीवाला नाही. जळण फक्त गाभ्यात चालतं आणि वरच्या थरांतला हायड्रोजन ढवळून तिथवर पोचत नाही. त्यामुळे सगळ्या साठ्यापैकी जेमतेम दहावा हिस्सा वापरात येतो आणि आयुष्य निघतं हजारेक कोटी वर्षांचं. त्यातलं निम्म्याच्या जवळपास सरलंय. सूर्याच्या दशांश वजनाचे लाल बुटके तारे मात्र आतून-बाहेरून पूर्ण ढवळत राहतात. त्यांचा काठीवाला कायम कामावर. ते आपलं जवळजवळ सगळं इंधन संपवतात, तेही इतक्या मंद आचेवर की ते कित्येक लाख कोटी वर्षं टिकतील. विश्वाचं वयच 1,380 कोटी वर्षं असल्यामुळे असा एकही तारा अजून म्हातारा झालेला नाही.

एवढ्यात पलीकडची शेकोटी बसायला लागली. दहाही वाजले नव्हते. ती मुलं आमच्याकडे लाकडं मागायला आली, आणि आमच्या मंडळींनी अर्थातच दिली नाहीत. वजनदार ताऱ्याचं हेच होतं, मी म्हटलं. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा म्हणजे दहापट लाकडं, पण तो जाळतो काही हजार पट वेगाने. वरून दाबणारं वजन जास्त, म्हणून गाभा जास्त तापतो, आणि तापमान जरा वाढलं की जळण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. असा तारा दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो.

आणि मग ते घडलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. आमच्या शेकोटीत तळाचं एक जाड लाकूड जळून मधून तुटलं. त्यावर तोललेली सगळी रचना धाडकन आत कोसळली, ठिणग्यांचा लोट उठला आणि मंदावलेली आग भसकन मोठी झाली.

"ताई, संपत आलेली असताना ही जास्त कशी पेटली?"

मी तिला जवळ बसवून घेतलं. शेकोटीत असं क्वचित होतं. ताऱ्यात मात्र हेच मुख्य आहे, आणि माझ्या दाखल्यातून नेमकं तेच इतकी वर्षं गळत होतं. शेकोटी इंधन संपलं की गार होते. तारा इंधन संपलं की आधी आणखी तापतो.

कारण ताऱ्याला सतत स्वतःचं वजन पेलायचं असतं. आतल्या तप्त वायूचा दाब बाहेर ढकलतो, गुरुत्वाकर्षण आत ओढतं, दोघं अडून उभे. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तिथली भर थांबते, वजन जिंकायला लागतं आणि गाभा आकसतो. वायू दाबला की तापतो. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तसंच. तारा जन्मतोही याच रीतीने. थंड वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग स्वतःच्याच वजनाने आकसत जातो, मध्यभागी तापत जातो आणि एक कोटी अंशांच्या आसपास पोचला की हायड्रोजन पेट घेतो. काडी लावायला कुणी लागत नाही.

"म्हणजे म्हातारपणी तो पुन्हा जन्मल्यासारखं करतो?"

हे वाक्य तिचं. मी ते तेव्हापासून प्रत्येक शिबिरात वापरते.

आकसलेल्या गाभ्याभोवतीचा हायड्रोजनचा थर आता इतका तापतो की तोच जोरात जळू लागतो, आणि वरचे थर फुगत फुगत दूर जातात. तारा अवाढव्य आणि बाहेरून लालसर होतो. आत गाभ्याचं तापमान 10 कोटी अंशांवर गेलं की हेलियम पेटतं आणि त्याचा कार्बन आणि ऑक्सिजन होतो. तिने समोरच्या राखेकडे पाहिलं. हेलियम म्हणजे पहिल्या आगीची राख, आणि ताऱ्यात ती राखच पुढचं लाकूड होते. शेकोटीचा दाखला इथे साफ तुटतो, आणि तो तुटतो हे मुलांना सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही.

सूर्याची मजल इथवरच. कार्बन पेटवण्याएवढं वजन त्याच्याकडे नाही. मोठे तारे पुढे जात राहतात, प्रत्येक वेळी जुनी राख नव्याने पेटवत, आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा भराभर उरकते. सूर्याच्या पंचवीसपट ताऱ्याचा हायड्रोजन सत्तर लाख वर्षं पुरतो, कार्बन काहीशे वर्षं, आणि शेवटी सिलिकॉन साधारण एक दिवस. त्यातून लोखंड तयार होतं. शेकोटीभोवती आम्ही दगड लावले होते. त्यातला एक मी काठीने निखाऱ्यांत ढकलला. दगड आगीला काही देत नाही, उलट उष्णता ओढून घेतो. लोखंड जुळवायला जावं तर तसंच, ऊर्जा मिळण्याऐवजी खर्ची पडते. मग पेलणारं कुणी उरत नाही. पृथ्वीएवढा गाभा सेकंदभराच्या आत कोसळतो आणि त्या कोसळण्यातून ताऱ्याचा स्फोट होतो. 1054 साली वृषभ राशीत असा स्फोट दिसला होता. चीनमधल्या निरीक्षकांनी त्याची नोंद ठेवली. तो तारा 23 दिवस भरदिवसा दिसत होता.

साडेअकराला आभाळ उघडलं. मृग नक्षत्र डोक्याच्या जरा दक्षिणेला होतं. तिला मी क्रमाने तीन जागा दाखवल्या. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या ओळीखालचा धूसर ठिपका, म्हणजे सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा ढग, जिथे आज तारे जन्मताहेत. मग तांबूस काक्षी, फुगलेला म्हातारा. तो सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या कक्षेपलीकडे पोचेल. येत्या लाखभर वर्षांत त्याचा स्फोट होईल असा अंदाज आहे. आणि खाली व्याध. व्याधाला एक जोडीदार आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, 1862 साली दुर्बिणीतून सापडलेला. वजन सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. त्याच्यात आता काहीही जळत नाही. आधी साठलेल्या उष्णतेवर तो नुसता चमकतोय. त्याला श्वेत बटू म्हणतात, आणि सूर्यही शेवटी असाच होणार आहे.

"तो विझायला किती वेळ लागेल?"

मी तिला सांगितलं की विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात एकही श्वेत बटू पूर्ण काळा पडलेला नाही, तेवढा वेळच झालेला नाही.

सकाळी सहाला मी सामान आवरायला गेले, तर ती शेकोटीपाशी उकिडवी बसली होती. वरची राख पांढरी, गार. तिने काठीने एक बोट खोल उकरलं आणि तळवा वर धरला. "ताई, हात लावून बघा," ती म्हणाली. आत एक निखारा होता, सुपारीएवढा, अजून लाल.