फिरत्या महालक्ष्म्या

रजेचा अर्ज भरताना पंचांग उघडून बसण्याची वेळ आमच्या घरातल्या नोकरदारांवर दरवर्षी भाद्रपदात येते, कारण महालक्ष्म्या वार पाहून येत नाहीत, नक्षत्र पाहून येतात. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. २०२४ मध्ये पूजन बुधवारी होते आणि २०२५ मध्ये सोमवारी. अमरावतीच्या घरात सगळे एकत्र राहत होते, तेव्हा कोणता वार आहे याची चौकशी केल्याचे मला आठवत नाही.

त्या घरात महालक्ष्म्यांचे धड म्हणजे दोन लोखंडी कोठ्या असत. एकीत गहू आणि दुसरीत तांदूळ भरले जात, त्यावर काकू नऊवारी नेसवीत आणि मोठीआई पितळी मुखवटे बसवी. धान्याच्या भाराने ती उभी मूर्ती ढिम्म हलत नसे. आता पुण्यातल्या आमच्या सदनिकेत घडीचा तारेचा सांगाडा आहे. वजन नसल्यामुळे भरजरी पदर ज्या बाजूला पडतो त्या बाजूला ज्येष्ठा हळूहळू झुकते. जवळून ते कळत नाही, दारात उभे राहून पाहिले की नथीची रेघ तिरपी दिसते. मग खाली विटा ठेवायच्या आणि त्यावर निऱ्या पसरायच्या. फुलोऱ्याची लाकडी चौकट टांगायला छताला कडी नाही, त्यामुळे करंज्या आणि पापड्या पडद्याच्या दांडीला दोऱ्याने लोंबतात. दिसायला बरे दिसते.

स्वयंपाकाचे मात्र तसे जमत नाही. पूर्वी एक जण डाळ शिजवी, दुसरी कट निथळून घेई, तिसरी पाट्यावर पुरण वाटी; उलथने पुरणात उभे राहिले की ते झाले, नाहीतर पोळी फाटणार हे सर्वांना ठाऊक होते. एकट्या बाईने ऑफिस सांभाळून हे करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, म्हणून आम्ही पोळ्या बाहेरून मागवू लागलो. परंतु विकतच्या पोळीबरोबर कट येत नाही, आणि कट नसेल तर आमटी कशाची करायची? पहिल्या वर्षी पानात वाढलेली ती साध्या वरणाला गोडा मसाला लावून केलेली आमटी मोठीआईने चाखली आणि काही न बोलता ताक मागितले. आता आम्ही पोळ्या मागवतो आणि आमटीपुरती डाळ घरी शिजवून तिचे पाणी काढतो. उरलेल्या डाळीचे काय करायचे हा प्रश्न तिसऱ्या दिवसापर्यंत पुरतो. सोळा भाज्याही वेगवेगळ्या होत नाहीत. सोळा प्रकार थोडे थोडे आणून एकच भाजी केली जाते, आणि शास्त्रापुरते ते चालते असे मोठ्यांनीच ठरवून दिले आहे.

मुखवट्यांची जोडी एकच. घर विकल्यावर ती नागपूरला मोठ्या काकांकडे राहिली; त्यांच्याच्याने होईना, तेव्हा नागपूर, पुणे, हैदराबाद अशी पाळी लागली. ज्याची पाळी असेल त्याने ती आणायची, आणि ती सामानाच्या डब्यात न टाकता जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घ्यायची, एवढा एकच नियम आम्ही वाद न घालता पाळतो. ज्यांना येता आले नाही त्यांना विसर्जनानंतर हळदीत भिजवलेला, सोळा गाठींचा सुताचा दोरा पाकिटातून पोचतो.

वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, गावे वेगळी झाली. सोयर-सुतक तेवढे एकत्र राहिले. गेल्या पाळीला पुण्यात सांगाडा उभा करून झाला होता, सवाष्णीला सांगणे गेले होते आणि आगमनाच्या सकाळीच हैदराबादला चुलतभावाला मुलगी झाल्याचा फोन आला. दहा दिवसांची सोयर. आनंदाने ओरडणारी आई दुसऱ्याच क्षणी खुर्चीत बसली आणि मुखवटे परत लुगड्यात गेले. ज्या बाळाला आम्ही महिनाभर पाहणारही नव्हतो, त्याने पाचेकशे किलोमीटरवरून आमचा सण थांबवला. मला त्याचा राग आला नाही. आमचे अजून काहीतरी सामाईक आहे याचा एवढा ठोस पुरावा मला वाटणीच्या कोणत्याही कागदात सापडला नसता. मुलांच्या पिढीत एकमेकांना अशी बातमी कळवण्याचे कोणाच्या लक्षात राहील का, याची मला खात्री नाही.

पुढची पाळी हैदराबादची. भावाची बायको शिफ्टमध्ये काम करते आणि तिने स्पष्ट सांगितले आहे की पूजा ती मनापासून करील, पुरण घालणार नाही, नैवेद्याला खीर ठेवील. मोठीआईने अजून होकार दिलेला नाही; नकारही दिलेला नाही.