मधली दोन नखं

*“आमचा शेफर्ड दहा वर्षांचा आहे. दोन-तीन महिने झाले, मागचे पाय ओढतोय, पण दुखतंय असं वाटत नाही. सगळे म्हणतात वय झालं. खरंच वयच आहे का, आणि घरी काय करता येईल?”*

वय हा आजार नाही. दहा वर्षांचा कुत्रा हळू चालेल, उठताना कुरकुरेल, पण पाय कुठे पडतोय हे तो विसरणार नाही. म्हणून आधी त्याच्या मागच्या पंजांची नखं बघा. प्रत्येक पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने घासून बोथट झाली असतील आणि शहाबादी फरशीवर चालताना ‘खर्र’ असा आवाज येत असेल, तर पाऊल पुरतं उचललं जात नाही. दोन्ही पाय सारखेच घासलेले असतील असंही नाही. डिजनरेटिव्ह मायलोपॅथी नावाच्या ज्या आजाराचा इथे संशय येतो, त्यात सुरुवातीला बहुतेक वेळा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त बिघडलेला असतो.

मग एक साधी चाचणी करा. कुत्र्याला खरखरीत चटईवर उभं करा. एकाने पोटाखाली हात घालून थोडा आधार द्यावा, म्हणजे पडण्याच्या भीतीने तो पाय आखडणार नाही. दुसऱ्याने मागचा एक पंजा उलटा करून त्याची पाठ जमिनीला टेकवावी. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. दोन-तीन सेकंद तसाच राहिला, किंवा सरळ केलाच नाही, तर पंजाची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही किंवा मेंदूचा हुकूम खाली येत नाही. खुब्याचा संधिवात असलेला कुत्रा लंगडत असला तरी पंजा लगेच सरळ करतो. दुखणं सांध्यात आहे की मज्जारज्जूत, हे बरंचसं इथेच कळतं.

डिजनरेटिव्ह मायलोपॅथी, बोलताना सगळे डीएम म्हणतात, हा मज्जारज्जूचाच आजार. पाठीच्या मधल्या भागात मज्जारज्जूतले धागे आणि त्यांच्यावरचं आवरण हळूहळू झिजत जातं. आजार साधारण आठ वर्षांनंतर दिसतो आणि जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी या जातींत जास्त. दुखत नाही, ही त्याची खूण. २००९ मध्ये कळलं की एसओडी-१ या जनुकातला एक बदल त्याच्या मुळाशी असतो. माणसांतल्या एएलएस या आजाराच्या काही रुग्णांतही याच जनुकात दोष सापडतो.

तरीही पंजा उलटा राहिला म्हणजे डीएमच, असं नाही. जिवंत कुत्र्यात हे निदान छातीठोकपणे कुणालाच करता येत नाही. खात्री मृत्यूनंतर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होते. तोवर बाकीची कारणं एकेक करून बाद करायची. ती बाद करणं महत्त्वाचं, कारण त्यातली काही बरी होतात.

पहिला प्रश्न वेगाचा. काल धावणारा कुत्रा आज बसूनच राहिला, तर तो डीएम नाही. अचानक निसटलेली डिस्क किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटणं असू शकतं, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डीएम महिन्यामहिन्याने वाढतो. दुसरा प्रश्न दुखण्याचा. पाठीवर बोटाने दाबत मागे यावं. कमरेच्या शेवटी दाबल्यावर किंवा शेपूट वर उचलल्यावर तो वळून बघत असेल, किंकाळत असेल, तर कमरेच्या मणक्यात नसा दबल्याचा संशय. ताप आणि पाठदुखी सोबत असेल तर मणक्यातला संसर्ग शोधावा. तो अँटिबायोटिकने बरा होऊ शकतो.

तिसरी गोष्ट रक्त. आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की प्लेटलेट्ससह रक्ततपासणी आणि गोचिडीच्या आजारांची चाचणी केल्याशिवाय कुठल्याही अशक्त कुत्र्याबद्दल बोलू नये. सोबत शुगर, थायरॉइड आणि पोटॅशियम. मात्र हे आजार सहसा सगळ्या अंगाला थकवतात. पुढचे पाय दमदार आणि फक्त मागचे ढेपाळलेले, असं चित्र त्यांचं क्वचितच असतं.

खरी फसगत एक्सरेपाशी होते. दहा वर्षांच्या शेफर्डचा खुब्याचा एक्सरे काढला की त्यात बऱ्याचदा काही ना काही खराबी दिसते. ‘हिप डिस्प्लेसिया’ असा शिक्का बसतो आणि शोध थांबतो. एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. खुबा खराब असून डीएमही असू शकतो. डॉक्टरांनी कुत्र्यासाठी दिलेलं वेदनाशामक दोन आठवडे देऊन बघा. उठणं-बसणं सोपं झालं पण नखं तशीच घासत असतील, तर खुबा हा निम्माच गुन्हेगार. आपल्या घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र अजिबात नको. त्याने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बसतात.

दुसरी फसगत स्टेरॉइडची. इंजेक्शन दिलं, चार दिवस तो बरा चालला, म्हणून पुन्हा दिलं. डीएमवर स्टेरॉइडचा उपयोग नाही, उलट स्नायू आणखी वाळतात. आणि स्टेरॉइडने तो खरंच सुधारला असेल, तर त्याचाच अर्थ कुठेतरी सूज किंवा दाब असावा. ती खूण डीएमपासून लांब नेणारी आहे.

डीएमसारखीच दिसणारी एक गोष्ट शेवटी उरते: म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यात हळूहळू फुगून मज्जारज्जू दाबणारी डिस्क. ती फारशी दुखत नाही, तीही महिन्यांनी वाढते. हा फरक एमआरआयनेच होतो. कोल्हापूरकरांना त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते आणि कुत्र्याला भूल द्यावी लागते, कारण तो आत हलता कामा नये. जाण्याआधी घरात एक प्रश्न सोडवा: दाबणारी डिस्क सापडली तर या वयात ऑपरेशन करणार का? हो असेल तर एमआरआय करावाच. नाही असेल तर रक्त, एक्सरे आणि नीट केलेली तपासणी यावर थांबून पुढची शुश्रूषा सुरू करण्यात गैर काही नाही.

जनुकचाचणी गालाच्या आतल्या स्वॅबवर होते. एसओडी-१ जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या तर धोका आहे एवढंच कळतं. अशी कित्येक कुत्री आयुष्यभर ठणठणीत चालतात. दोन्ही प्रती निर्दोष निघाल्या तर मात्र डीएम जवळजवळ बाद, आणि दुसरं कारण पुन्हा शोधायला हवं.

आजार थांबवणारं औषध नाही. उपयोग दिसतो तो नियमित व्यायामाचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डीएमचा संशय असलेली २२ कुत्री होती. भरपूर फिजिओथेरपी मिळालेली सरासरी २५५ दिवस जगली, मध्यम मिळालेली १३०, काहीच न मिळालेली ५५. अभ्यास लहान होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

समजा, राजारामपुरीतल्या एका घरात ३४ किलोचा शेफर्ड आहे. वळताना कंबर डोलते, डावं मागचं पाऊल घासतं, पण तो स्वतः उठतो. त्याला सकाळ-संध्याकाळ एकेक तास फिरवणं चूक. त्याऐवजी पाच ते दहा मिनिटांच्या पाच फेऱ्या, गवतावर किंवा मातीवर, आणि अगदी सावकाश. पळताना वेगाच्या भरात घसटणारं पाऊल झाकलं जातं. सावकाश चालताना प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकावं लागतं आणि व्यायाम तोच आहे. एका फेरीत चार-पाच काठ्या जमिनीपासून दोन इंचांवर आडव्या ठेवायच्या, दोन काठ्यांत त्याच्या खांद्याच्या उंचीएवढं अंतर, आणि त्यावरून दोनदा नेऊन आणायचं. दुसऱ्या फेरीनंतर चारी पायांवर सरळ उभं करून कमरेला बाजूने हलकेच ढकलायचं, तो तोल सावरेल इतकंच, दोन्ही बाजूंनी पाच-पाचदा.

दिवसातून तीनदा तो कुशीवर पडलेला असताना खुबा, गुडघा, घोटा आणि बोटं, प्रत्येक सांधा दहा वेळा हळूच वाकवून सरळ करायचा. एक हात सांध्याच्या वर, एक खाली. ओढायचं नाही. सांधा जिथे अडतो तिथे थांबायचं.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? आवाजावरून. फेरीच्या सुरुवातीपेक्षा शेवटी खरखर वाढली की त्याच क्षणी थांबायचं. दुसऱ्या दिवशी तो कालच्यापेक्षा ढिला असेल तर फेऱ्या एक तृतीयांश कमी करायच्या. शिंप्याची टेप घेऊन दर पंधरा दिवसांनी मांडीचा घेर त्याच जागी मोजा, आणि मागून चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. आठवण फसवते, टेप फसवत नाही.

पाण्यातला व्यायाम उत्तम, पण तो कोमट पाण्यातल्या ट्रेडमिलवर. तळ्यात सोडू नका. तिथे तो पुढच्या पायांनी पोहतो, मागचे नुसते तरंगतात. शिवाय पावसाळ्यात लेप्टोचा धोका आहे.

घरात गुळगुळीत फरशी हा मोठा शत्रू. बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी चटईची सलग वाट करा. नुसती गोधडी टाकली तर ती त्याच्यासकट सरकते. पोटाखालून टॉवेलचा झोळ घालून आधार द्या, पण त्याला लटकवू नका, तोल जाऊ नये इतकंच उचला. नर असेल तर झोळ लघवीच्या जागेवर येत नाही ना, हे बघा. नखं घासू नयेत म्हणून चढवलेले बूट जुलै-ऑगस्टच्या ओलीत तासन्‌तास घालून ठेवले तर पंजे सडतात. बाहेरून आल्यावर काढून बोटांमधलं कोरडं करा. आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं उरलंसुरलं त्याच्या ताटलीत नको. कांदा-लसूण त्याला विषारी आहे, आणि प्रत्येक जादा किलो त्या दोन पायांवर येतो.

मोठ्या कुत्र्यात लक्षणं दिसल्यापासून साधारण सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय पूर्ण जातात. चाकांची गाडी त्याआधीच, पुढचे पाय मजबूत असताना, मापाने बनवून घ्यावी. एका वेळी वीस मिनिटं पुरे. पाय गेल्यावर लघवीकडे लक्ष द्या. ती थेंबथेंब गळत असेल तर मूत्राशय रिकामं होतंय असं नाही, बऱ्याचदा ते तुडुंब भरलेलं असतं. ते दाबून रिकामं करायचं तंत्र डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकून घ्या. वास उग्र झाला तर लघवीची तपासणी करा. तीन-चार इंची फोमवर रेक्झिन, त्यावर सुती चादर, आणि दर चार तासांनी कूस बदल, नाहीतर खुब्याच्या हाडावर जखम पडते.

पुढचे पाय वाकू लागले की चाकंही उपयोगाची राहत नाहीत. ती वेळ येण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की शेवटचं इंजेक्शन द्यायला ते घरी येतील का. ३४ किलोच्या, उभं न राहू शकणाऱ्या कुत्र्याला जिन्यावरून उतरवून रिक्षात घालणं, तेही त्या दिवशी, फार अवघड जातं.